रिकव्हरी नंबर बंद, रिकव्हरी मेलही बंद: गुगल खातं परत कसं उघडायचं

ऑनलाइन फॉर्म भरून देणं आणि कॉम्प्युटर दुरुस्ती असं आमचं तालुक्याच्या गावातलं दुकान आहे. महिन्यात एकदा तरी कुणी ना कुणी हीच तक्रार घेऊन येतं. सगळे सांगतात एकच, "जीमेल उघडत नाही." पण त्या एका वाक्यात चार वेगळी दुखणी असतात, आणि चारांवरचा इलाज सारखा नाही. म्हणून स्क्रीनवर नेमकं काय येतंय ते आधी नीट वाचा.

लक्षणं

पहिला प्रकार असा. पासवर्ड बरोबर आहे, पण तो टाकल्यावर `Verify it's you` असं येतं आणि कोड एका नंबरवर पाठवू का, असं विचारलं जातं. नंबरचे शेवटचे दोनच आकडे दिसतात. ते बघून तुमच्या लक्षात येतं की हे कार्ड बंद होऊन वर्ष झालं.

दुसऱ्या प्रकारात पासवर्डच आठवत नाही. `Forgot password?` दाबल्यावर तोच बंद नंबर येतो, त्यानंतर रिकव्हरी मेलचा पत्ता येतो (पहिली दोन-तीन अक्षरं आणि पुढे ठिपके), आणि तोही कधीच सुटलेला असतो. शेवटी `Google couldn't verify this account belongs to you` या ओळीवर गाडी थांबते.

तिसऱ्या प्रकारात जुन्या मोबाइलवर मेल येतायत, फोटोही दिसतायत, फक्त नव्या फोनवर खातं जोडता येत नाही. अशा लोकांना फार काळजी वाटत असते, पण खरं तर चौघांत सर्वांत सुस्थितीत तेच असतात.

चौथा प्रकार वेगळाच आहे. स्क्रीनवर दिसणारा नंबर किंवा मेल तुमचा कधीच नव्हता. म्हणजे कुणीतरी आत शिरून दोन्ही बदलले आहेत. इथे वेळ महत्त्वाचा. रिकव्हरी नंबर किंवा मेल बदलल्यानंतर सात दिवसांपर्यंत गुगल जुन्या नंबरवर किंवा मेलवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. तुमचा जुना नंबर चालू असेल तर बाकी सगळं सोडून आजच रिकव्हरी करा. बँकेतून पैसे गेले असतील तर त्याच्याही आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणखी एक खुलासा. खातं शाळेचं, कॉलेजचं किंवा कंपनीचं असेल, म्हणजे @ च्या पुढे gmail.com नसून संस्थेचं नाव असेल, तर पुढचं काही करू नका. तिथल्या ॲडमिनला फोन करा. तो दोन मिनिटांत पासवर्ड बदलून देतो.

काहीही दाबण्याआधी

लोक आधार कार्ड, पॅन कार्ड, कधी कधी तर रेशन कार्डाची झेरॉक्ससुद्धा घेऊन येतात. त्याचा इथे काही उपयोग नाही. खातं उघडताना गुगलने तुमचं आधार कधी घेतलेलंच नव्हतं, त्यामुळे ते कशाशी ताडून बघणार? गुगलला तुमचं नाव-गाव ओळखता येत नाही. त्याला ओळखता येतो तो तुमचा फोन, तुमचा ब्राउझर, घरचं वायफाय आणि तुम्ही पूर्वी वापरलेले पासवर्ड. पुढची सगळी खटपट या एका गोष्टीवर उभी आहे.

त्यामुळे चार गोष्टी आत्ताच थांबवा. ज्या उपकरणावर खातं उघडं आहे तिथून साइन आउट करू नका. जुना फोन फॅक्टरी रीसेट करू नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका. ब्राउझरच्या कुकीज पुसू नका. आणि एकाच संध्याकाळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. ठरावीक प्रयत्नांनंतर गुगल काही तासांसाठी दार लावून घेतं, आणि घाईघाईत निरनिराळ्या फोनवरून मारलेल्या धडका तर परक्या माणसाने मारलेल्या धडकांसारख्याच दिसतात.

तपासणी पहिली: खातं कुठे उघडं राहिलंय का?

खर्च शून्य, आणि निम्म्याहून अधिक कामं इथेच होतात. कपाटातला जुना फोन, मुलांचा टॅब, ऑफिसातला कॉम्प्युटर, गावच्या घरचा लॅपटॉप, सगळं बाहेर काढा आणि चार्ज करा. जुन्या फोनमध्ये सिम नसलं तरी चालतं. वायफाय किंवा दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट पुरे. हे लोकांना पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. गुगलची सूचना फोन नंबरवर येत नाही, ती त्या उपकरणावर उघड्या असलेल्या खात्यावर येते.

अँड्रॉइड फोनवर खातं उघडं असेल तर तो वायफायला जोडून समोर ठेवा. नव्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर लॉगिन सुरू करा आणि बंद नंबरची स्क्रीन आली की `Try another way` दाबा. पर्यायांच्या यादीत जुन्या फोनवर `Yes` दाबण्याचा पर्याय दिसला की काम झालं. आयफोन असेल तर त्यावरच्या जीमेल किंवा गुगल ॲपमध्ये खातं उघडं असायला हवं, सूचना तिथे येते.

सूचना आली नाही तरी आणखी एक वाट आहे. जुन्या अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज उघडा, `Google` मध्ये जा, तिथून `Manage your Google Account` आणि त्यात `Security`. खाली `Security code` असा पर्याय सापडला तर तो दहा आकडी कोड देतो. हा एसेमेसने येत नाही, फोन स्वतःच तयार करतो. नव्या उपकरणावर फोनवरचा सुरक्षा कोड मागितला जातो तेव्हा हाच टाकायचा.

पासकीचंही तसंच. त्या फोनवर कधी पासकी तयार झाली असेल तर बोटाचा ठसा किंवा स्क्रीन लॉकचा पिन देऊन आत जाता येतं, नंबर लागतच नाही. अनेकांच्या अँड्रॉइडवर ती आपोआप तयार झालेली असते आणि त्यांना पत्ताही नसतो.

जुना फोन चालू आहे पण यातलं काहीच जमलं नाही, तर पुढे जाण्याआधी आतला माल वाचवून घ्या. काँटॅक्ट्स ॲपमधून सगळे नंबर एका `.vcf` फाइलमध्ये काढा, फोटो फोनमध्ये उतरवून कॉम्प्युटरवर घ्या, महत्त्वाचे मेल पीडीएफ करून ठेवा. उघडं खातं कधी बंद पडेल ते सांगता येत नाही. नंतर ते परत मिळालं नाही तरी लग्नाचे फोटो तरी हातात राहतात.

तपासणी दुसरी: पासवर्ड ब्राउझरने लिहून ठेवलाय का?

माणूस विसरतो, ब्राउझर विसरत नाही. ज्या कॉम्प्युटरवर हे खातं पूर्वी वापरलं होतं त्यावर क्रोम उघडा आणि पत्त्याच्या जागी हे टाका:

```
chrome://password-manager/passwords
```

यादीत `google.com` शोधा. बघण्यासाठी विंडोजचा पिन किंवा पासवर्ड मागितला जाईल, तो दिला की जपून ठेवलेला पासवर्ड दिसतो. फायरफॉक्समध्ये हेच `about:logins` वर मिळतं. आयफोनवर पासवर्ड्स नावाच्या ॲपमध्ये बघा, जुन्या आयफोनवर ते सेटिंग्जमध्ये असतं.

सापडलेला पासवर्ड चालला तर उत्तमच. मात्र तो त्याच कॉम्प्युटरवर टाकून बघा. ओळखीच्या मशिनवरून बरोबर पासवर्ड आला तर गुगल पुष्कळदा कोड न विचारताच आत घेतं. तोच पासवर्ड नव्या फोनवर टाकला की पुन्हा बंद नंबर आडवा येतो.

पासवर्ड जुना निघाला, म्हणजे नंतर तो बदललेला असला, तरी कागदावर लिहून ठेवा. पुढच्या एका पायरीवर त्याला किंमत आहे. मोठं अक्षर, लहान अक्षर, शेवटचं उद्गारचिन्ह, सगळं जसंच्या तसं उतरवा.

तपासणी तिसरी: बॅकअप कोड

दोन पायऱ्यांची पडताळणी ज्यांनी चालू केली होती त्यांना गुगल दहा कोडांची एक यादी देतं. प्रत्येक कोड आठ आकड्यांचा असतो आणि एकदाच चालतो. त्या वेळी तो डाउनलोड केला असेल तर फाइलचं नाव `Backup-codes` असं सुरू होतं. कॉम्प्युटरवर या नावाने शोधा, आणि बँकेची पासबुकं, विम्याचे कागद ठेवता त्या फाइलमध्येही बघा. काहींनी प्रिंट काढलेली असते. हे कोड पासवर्डच्या जोडीने चालतात, नुसत्या कोडावर काम होत नाही.

२०२५ च्या अखेरीपासून गुगलने रिकव्हरी काँटॅक्ट ही सोय आणली आहे. तुम्ही आधीच निवडलेला विश्वासातला माणूस त्याच्या फोनवरून तुमची ओळख पटवतो. तुम्ही असं कुणाला नेमलं असेल तर `Try another way` मध्ये तो पर्याय दिसेल. खात्याबाहेर राहून मात्र नवा माणूस नेमता येत नाही.

तपासणी चौथी: नंबर आणि मेल खरंच गेलेत का?

"नंबर बंद आहे" याचे तीन अर्थ होतात, आणि त्यातले दोन बरे होणारे आहेत.

कार्ड हरवलंय किंवा खराब झालंय, पण नंबर अजून तुमच्या नावावर आहे, तर कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जा आणि डुप्लिकेट सिम काढा. (हीच एक जागा, जिथे आधार खरंच उपयोगी पडतं.) सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच जावं लागतं. वडिलांच्या नावावरचं कार्ड मुलाला मिळत नाही, आणि घराघरांत कार्डं कुणाच्या तरी भलत्याच नावावर असतात. आपल्या नावावर कोणते नंबर आहेत हे `sancharsaathi.gov.in` या सरकारी संकेतस्थळावर बघता येतं.

इथे एक खोच आहे. सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास त्या नंबरवर एसेमेस येत-जात नाहीत. सिमची चोरी करून बँकेचे ओटीपी पळवू नयेत म्हणून दूरसंचार खात्याने घातलेला हा नियम आहे. लोक दुकानातून बाहेर पडतात, रिकव्हरी सुरू करतात, कोड येत नाही, पुन्हा दाबतात, पुन्हा दाबतात, आणि शेवटी गुगलच त्यांना अडवून ठेवतं. सिम मिळाल्यावर एक दिवस गप्प बसा. दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःलाच एक एसेमेस पाठवून बघा, तो आला की मग सुरुवात करा.

दुसरा अर्थ, रिचार्ज न केल्यामुळे सेवा थांबलीय. प्रीपेड कार्ड ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. त्यानंतरही तो नंबर लगेच दुसऱ्याला जात नाही, किमान ९० दिवस तो मोकळा ठेवतात. या काळात दुकानात जाऊन विचारायला हरकत नाही, कधी कधी तोच नंबर परत मिळतो. दोन-तीन महिन्यांच्या आत असाल तर हे काम उद्यावर टाकू नका.

तिसरा अर्थ, नंबर दुसऱ्याला मिळालाय. फोन लावला तर अनोळखी माणूस उचलतो. इथे वाट संपली. त्याला फोन करून "माझा ओटीपी आलाय तेवढा सांगा" म्हणू नका. शहाणा माणूस सांगणार नाही, आणि जो सांगेल किंवा सांगणार नाही पण कोड वाचेल, त्याच्या हातात तुमच्या खात्याची किल्ली जाते. म्हणूनच तिसऱ्या प्रकारातल्या लोकांनी, ज्यांचं खातं कुठेतरी उघडं आहे त्यांनी, आत जाता आलं की सर्वांत आधी हा नंबर काढून टाकावा.

परदेशात गेलेल्यांची गोष्ट इथेच येते. मस्कत किंवा न्यू जर्सीला जाताना भारतातलं कार्ड खिशात असतं, रिचार्ज मात्र राहून जातो. घरच्यांना सांगून आधी रिचार्ज होतोय का बघा. होत असेल तर नंबर जिवंत आहे.

रिकव्हरी मेलचंही असंच. तो रेडिफ, याहू किंवा आउटलुकचा असेल तर त्यांची स्वतःची रिकव्हरी करून बघा. कदाचित तिथे दिलेला नंबर वेगळा आणि चालू असेल. जुन्या नोकरीचा मेल असेल तर तिथल्या आयटी विभागाला विचारा. पत्ता थोड्या वेळासाठी पुन्हा चालू करून त्यावर आलेला एक कोड सांगणं त्यांना शक्य असतं. करतीलच असं नाही, पण सोडताना संबंध चांगले असतील तर विचारण्यात काय जातं?

तपासणी पाचवी: रिकव्हरीचा अर्ज, पण योग्य जागेवरून

वरचं सगळं संपलं की मग `g.co/recover`. बहुतेक लोक सुरुवातच इथून करतात, तीही कालच घेतलेल्या फोनवरून आणि मोबाइल डेटावर, आणि "काही होत नाही" म्हणतात. उत्तरं बरोबर असूनही ते अडकतात, कारण त्यांच्या अर्जात ओळखीचं असं काहीच नसतं.

जागा आणि मशिन दोन्ही जुनं हवं. ज्या लॅपटॉपवर किंवा फोनवर हे खातं पूर्वी चालायचं, तोच. ब्राउझरही तोच, आणि क्रोममध्ये वेगवेगळी प्रोफाइलं असतील तर तेच प्रोफाइल. जिथे बसून नेहमी वापरत होता ते घर, तिथलं वायफाय. मोबाइल डेटा टाळा. त्यावरून तुम्ही बार्शीत असलात तरी बाहेरच्या जगाला मुंबईत किंवा पुण्यात दिसू शकता. इन्कॉग्निटो खिडकी वापरू नका, तिच्यात जुन्या कुकीज नसतात. व्हीपीएन असेल तर बंद करा.

अर्जात शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला तर सर्वांत अलीकडचा लिहा. तो नाही आठवला तर त्याच्या आधीचा, जेवढा अलीकडचा तेवढा बरा. ब्राउझरमधून कागदावर उतरवलेला जुना पासवर्ड इथे कामाला येतो. चुकीचा अंदाज लिहिला म्हणून अर्ज बाद होत नाही, त्यामुळे ही पायरी रिकामी सोडून पुढे जाऊ नका.

बंद नंबरचा पर्याय आला की कोड मागवू नका, `Try another way` दाबून पुढे चला. नंतर कधी कधी असा एक मेल पत्ता मागितला जातो की जो तुम्ही आत्ता उघडू शकता. तिथे घरातल्या माणसाचा चालू पत्ता द्या. त्यावर एक कोड येतो, तो टाकल्यावर अर्ज पुढे जातो. उत्तर त्याच पत्त्यावर येणार, म्हणून स्पॅमही बघत राहा. हा पर्याय सगळ्यांना दिसत नाही. दिसला नाही तर समजायचं की तोवरच्या माहितीवर गुगलचं समाधान झालेलं नाही, आणि त्याला दाखवायला आणखी ओळखीचं मशिन शोधावं लागेल.

जुन्या व्हिडिओंमध्ये खातं कोणत्या महिन्यात उघडलं ते शोधायला सांगतात. पूर्वी तो प्रश्न यायचा, हल्ली क्वचितच दिसतो. त्यात दिवस घालवू नका.

एक उदाहरण

आमच्याकडे आलेले एक निवृत्त गुरुजी. नवा फोन घेतला आणि जुना विकताना रीसेट केला. पासवर्ड आठवत नव्हता. रिकव्हरी नंबर मुलाच्या जुन्या कार्डाचा होता, तो दुसऱ्या कुणाला गेलेला. रिकव्हरी मेल मुलाच्या पहिल्या नोकरीचा, आणि ती कंपनीच राहिलेली नाही. गुरुजींच्या पेन्शनची कागदपत्रं आणि नातवंडांचे सगळे फोटो त्या खात्यात. नातवाने पुण्यातून स्वतःच्या लॅपटॉपवर अनेकदा प्रयत्न केले होते आणि दर वेळी नकार आला होता.

मी त्यांना एकच विचारलं, "गुरुजी, हे मेल तुम्ही पूर्वी कशावर बघायचात?" माळ्यावर एक लॅपटॉप निघाला. सूनबाई त्यावर गुरुजींचे मेल उघडून द्यायची. तो चालू केला, क्रोममध्ये खातं दिसत होतं पण पुन्हा लॉगिन करायला सांगत होतं. जपून ठेवलेल्या पासवर्डांमध्ये एक पासवर्ड होता. टाकून बघितला, तर तो मध्यंतरी बदललेला.

इथे लोक लॅपटॉप मिटून ठेवतात. आम्ही मात्र आधी दोन दिवस काहीच केलं नाही, कारण नातवाच्या प्रयत्नांनी खातं तापलेलं होतं. पुण्यातले प्रयत्न पूर्ण थांबवायला सांगितलं. मग गुरुजींच्या घरी, त्यांच्याच वायफायवर, त्याच लॅपटॉपच्या त्याच क्रोममध्ये `g.co/recover` उघडलं. शेवटचा आठवणारा पासवर्ड म्हणून ब्राउझरमधला जुना दिला. बंद नंबर आणि बंद मेल दोन्हींना `Try another way` केलं. या वेळी नातवाला कधीच न दिसलेली स्क्रीन आली: आत्ता उघडता येईल असा मेल द्या. नातवाचा पत्ता दिला, कोड आला, टाकला. उत्तर आलं की तपासणीसाठी थांबा.

ती मुदत संपल्यावर नातवाच्या मेलवर पासवर्ड बदलण्याची लिंक आली. ती पुण्यात न उघडता त्याने गुरुजींकडे पाठवली आणि त्याच लॅपटॉपवर उघडली. पुण्यात आणि गावात माहिती तीच होती, माणसंही तीच. फरक फक्त माळ्यावरच्या लॅपटॉपचा.

तपासणी सहावी: ओळखीचं मशिन बिघडलेलं असेल तर

इथून पुढे पैसे लागतात. ज्या फोनवर खातं उघडं आहे त्याचा डिस्प्ले फुटलाय, किंवा लॅपटॉप चालूच होत नाही, तर दुरुस्ती करून घेण्यात अर्थ आहे. स्वतः उघडू नका, कारागिराकडे द्या. आणि देतानाच ठणकावून सांगा की रीसेट किंवा फ्लॅश करायचा नाही, सॉफ्टवेअर टाकायचं नाही, विंडोज पुन्हा चढवायची नाही. फक्त डिस्प्ले, बॅटरी किंवा चार्जिंगचा भाग बदलायचा. पुष्कळ दुकानांत "साफ करून देतो" म्हणून आधी रीसेटच मारतात, आणि त्या क्षणी दुरुस्तीचा सगळा हेतू संपतो. लॅपटॉप मेलाच असेल तर हार्ड डिस्क दुसऱ्या मशिनला लावून फोटो आणि कागद काढता येतात, पण खात्याचं उघडं लॉगिन त्याने सहसा परत येत नाही.

स्क्रीन फुटलेल्या फोनचा टच चालत नसेल, तर काही फोनांना ओटीजी केबलने साधा माउस जोडता येतो. केबल शंभर-दोनशे रुपयांत मिळते. डिस्प्ले दिसत असेल तर हा प्रयोग दुरुस्तीच्या आधी करा.

कधी थांबायचं

थांबा असं उत्तर आलं असेल तर थांबाच. काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वेळ जातो. दोन पायऱ्यांची पडताळणी असलेल्या खात्यांना तीन ते पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात. मधल्या काळात नवा अर्ज टाकू नका.

स्पष्ट नकार आला तर काही दिवस सोडून त्याच मशिनवरून पुन्हा करा, पण त्यात काहीतरी भर असली पाहिजे: आणखी एखादा जुना पासवर्ड आठवला, आणखी एक जुनं उपकरण सापडलं. काहीही नवं नसताना तेच तेच पाठवण्याने निकाल बदलत नाही. सगळी उपकरणं गेली, पासवर्ड एकही आठवत नाही आणि नंबर दुसऱ्याला गेलाय, अशा वेळी मी लोकांना सरळ सांगतो की हे खातं आता मिळणार नाही.

मोफत खात्यासाठी गुगलचा असा कुणी अधिकारी नाही की ज्याला फोन करून खातं उघडून घेता येईल. इंटरनेटवर शोधल्यावर मिळणारे "जीमेल हेल्पलाइन" नंबर आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन खातं परत देणारे हे सगळे फसवे. पासवर्ड किंवा खातं परत मिळवून देणाऱ्या कुठल्याही बाहेरच्या सेवेसोबत आपण काम करत नाही, असं गुगलनेच लिहून ठेवलंय. असा माणूस तुमच्या फोनवर स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो आणि मग बँकेत शिरतो. आमच्यासारख्या दुकानदारानेसुद्धा पासवर्ड किंवा कोड मागितला तर देऊ नका, तुमचा हात तुमच्या कीबोर्डवर असू द्या.

जाणकाराकडे जायचं ते तीन कामांसाठी. मशिन उघडायचं असेल तर कारागीर. नंबर मिळवायचा असेल तर मोबाइल कंपनीचं अधिकृत दुकान. आणि खात्यात कुणी शिरलं असेल, पैसे गेले असतील किंवा तुमच्या नावाने लोकांना मेल जात असतील तर सायबर पोलीस, `cybercrime.gov.in` किंवा १९३०.

खातं गेलंच तर आधी काय बदलायचं

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेकांचा तोच बंद नंबर आधारलाही जोडलेला असतो, म्हणून पहिलं काम आधार केंद्रावर जाऊन नवा मोबाइल नंबर जोडणं. तिथे बोटाचा ठसा द्यावा लागतो. त्यानंतर बँकेच्या शाखेत अर्ज देऊन नंबर आणि मेल दोन्ही बदला. नवा नंबर आधारला लागला की आयकराच्या संकेतस्थळावर आधार ओटीपीने आत जाऊन प्रोफाइलमधला मेल बदलता येतो. डिजिलॉकर, पीएफ, विमा ही कामं त्याच्या मागून करा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम शेवटी, पण तिथेही जुना मेल काढायला विसरू नका.

खातं मिळालं तर

लगेच त्याच मशिनवर `myaccount.google.com/security` उघडा. बंद नंबर काढा, चालू नंबर घाला, रिकव्हरी मेल म्हणून घरातल्या अशा माणसाचा पत्ता द्या की जो रोज मेल बघतो. नोकरीचा किंवा कॉलेजचा पत्ता देऊ नका. बॅकअप कोडांची प्रिंट काढून पासबुकाशेजारी ठेवा. रिकव्हरी काँटॅक्ट म्हणून एखादा भाऊ किंवा मुलगी नेमा. नव्या फोनवर खातं जोडून घ्या आणि ते नीट चाललं की मगच जुन्या उपकरणाचं काय करायचं ते ठरवा. नवा नंबर घातल्यावर पहिला आठवडाभर तरी जुनं मशिन तसंच उघडं राहू द्या, कारण नव्या माहितीवर गुगलचा भरवसा बसायला थोडे दिवस जातात.

ज्या खात्यात दोन वर्षं कुणी शिरलेलंच नाही ते गुगल पुसून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तशी सुरुवात झाली आहे. त्यामुळे फोटोंसाठी म्हणून ठेवलेलं दुसरं-तिसरं खातं असेल तर वर्षातून एकदा तरी त्यात लॉगिन करा, आणि त्याच वेळी रिकव्हरीचा नंबर अजून आपलाच आहे ना, तेही बघून घ्या.